कोकरांना खुराक कधीपासून द्यावा आणि दूध कधी तोडावं?

प्रश्न: मटणासाठी दख्खनी मेंढ्या आहेत, 20 कोकरं. वजन लवकर वाढवायचंय. खुराक कधीपासून, किती? आणि दूध दोन महिन्यांनी तोडू की तीन?

उत्तर: खुराक पंधराव्या दिवसापासून. दूध तोडताना मात्र दिवसांपेक्षा खाणं बघा. कोकरू सलग तीन-चार दिवस रोज 200 ते 250 ग्रॅम खुराक खात असेल आणि वजन 10 किलोच्या आसपास असेल, तर 60 दिवसांनी तोडा. नाहीतर 90 पर्यंत थांबा. पोट दाण्याला सरावलेलं नसताना दूध तोडलं की कोकरू पंधरा दिवस खंगतं आणि कमावलेलं वजन घालवून बसतं.

वाड्याच्या कोपऱ्यात फळ्या उभ्या ठोका, मध्ये साधारण वीतभर फट ठेवा. कोकरू आत जाईल, मेंढी बाहेर राहील. 10 किलो खुराकाला 6 किलो मक्याचा भरडा, अडीच किलो शेंगदाणा पेंड, 1 किलो 200 ग्रॅम तुरीची चुनी, 200 ग्रॅम खनिज मिश्रण, 100 ग्रॅम मीठ. पीठ करू नका, नाकात जातं. सुरुवात मूठभर; वीस कोकरं मिळून रोज 4-5 किलो संपवू लागली की समजा तयार झाली. उरलेला खुराक रोज झाडून काढा, ओला झाला की बुरशी धरतो.

एकदम दाणा वाढवलात तर आंत्रविषार होतो, आणि मरतं ते नेमकं सगळ्यात गुबगुबीत कोकरू, तेही रातोरात. लस चुकवू नका.

तोडताना मेंढ्या हलवा, कोकरं त्याच वाड्यात राहू द्या.