अंदाजित ग्रेड किती खरी ठरली, हे तक्त्यातून पाहताना

ब्रिटनमध्ये ए-लेव्हलचे विद्यार्थी विद्यापीठाला अर्ज करतात तेव्हा शिक्षकांनी वर्तवलेली ग्रेड सोबत जाते. ती निकालाशी किती जुळली हे तपासताना सहसंबंधापासून सुरुवात करू नका. शिक्षकाने प्रत्येकाला नेमकी एक ग्रेड जास्त दिली तरी सहसंबंध पूर्ण येतो, आणि अचूक अंदाज मात्र एकही नसतो!

त्यापेक्षा तक्ता करा. B स्तंभात अंदाज, C मध्ये निकाल. E2 पासून खाली आणि F1 पासून आडव्या ग्रेड लिहा. मग F2 मध्ये:

```
=SUMPRODUCT(($B$2:$B$51=$E2)*($C$2:$C$51=F$1))
```

हे सूत्र सगळ्या चौकटींत ओढा. समजा, 50 विद्यार्थ्यांचे आकडे असे आले:

अंदाज A: निकाल A 8, B 6, C 1
अंदाज B: निकाल A 2, B 10, C 8
अंदाज C: निकाल A 0, B 2, C 13

कर्णावरची बेरीज 31, म्हणजे 62 टक्के अंदाज अचूक. कर्णाच्या उजवीकडचे 15 अंदाज निकालापेक्षा वरचे, डावीकडचे 4 खालचे. माझ्या मते 62 पेक्षा हा 15 विरुद्ध 4 चा कल जास्त बोलका आहे: चुका दोन्हीकडे सारख्या विखुरलेल्या नाहीत, शिक्षक उदार आहेत.

चौकटींची बेरीज 50 भरली नाही, तर बहुधा कुठेतरी ग्रेडपुढे रिकामी जागा टाइप झालेली असते किंवा गैरहजर विद्यार्थी यादीत राहिलेला असतो. निकालानंतर दुरुस्त केलेले अंदाज मात्र बेरजेत पकडले जात नाहीत, म्हणून नोंदीची तारीख आधी पाहा.