थंड रोहिणी वर आणि गरम श्वेत बटू खाली का?

प्रश्न: एचआर आकृतीत रोहिणी सूर्यापेक्षा थंड असून इतकी वर, आणि व्याधाचा श्वेत बटू जोडीदार एवढा गरम असून तळाला, असं कसं?

दोन्हीचं उत्तर एकच आहे, आकार. आकृतीत आडव्या अक्षावर पृष्ठभागाचं तापमान असतं (गरम डावीकडे, थंड उजवीकडे, हे उलटं आहे ते आधी डोक्यात बसवा) आणि उभ्या अक्षावर ताऱ्याचा एकूण प्रकाश, तोही दसपटीच्या पायऱ्यांनी. आकाराचा अक्ष काढलेलाच नसतो पण तो आत दडलेला असतो, कारण L = 4πR²σT⁴, इथे L म्हणजे एकूण प्रकाश, R त्रिज्या, T पृष्ठभागाचं तापमान आणि σ एक स्थिरांक. तापमान फक्त एवढंच सांगतं की पृष्ठभागाचा एक चौरस मीटर किती प्रकाश देतो, आणि असे चौरस मीटर किती आहेत ते ताऱ्याच्या त्रिज्येवर.

आता रोहिणीचंच गणित करून बघा. सूर्य साधारण ५,८०० केल्विन, रोहिणी ३,९०० च्या आसपास, म्हणजे दोन तृतीयांश. दोन तृतीयांशाचा चौथा घात केला की साधारण एक पंचमांश येतो, म्हणजे रोहिणीचा प्रत्येक चौरस मीटर सूर्याच्या पाचपट कमी प्रकाश देतो, तरी एकूण प्रकाश मात्र सूर्याच्या चारशेपटीहून जास्त. मग पृष्ठभाग दोन हजारपटीच्या वर असलाच पाहिजे, आणि त्याचं वर्गमूळ घेतलं की त्रिज्या येते सूर्याच्या साधारण ४५ पट. सूर्याच्या जागी ठेवली तर बुधाच्या कक्षेच्या निम्म्यापर्यंत येईल. म्हणूनच तिला राक्षसी तारा म्हणतात.

याच तापमानाच्या उभ्या रेषेवर खाली उतरत या. हंस तारकासमूहात 61 सिग्नी नावाची जोडी आहे, तिच्यातला मंद तारा तापमानाने जवळपास रोहिणीएवढाच, पण प्रकाश सूर्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आणि त्रिज्या सूर्याच्या ०.६ पट. रंग सारखा, प्रकाशात फरक पाच हजारपट! हा खालचा तारा मुख्य क्रमावर आहे, म्हणजे आपल्या सूर्यासारखा गाभ्यात हायड्रोजन जाळतोय. मुख्य क्रमाचा पट्टा वर डावीकडून खाली उजवीकडे तिरका जातो कारण तिथे वस्तुमान वाढलं की तापमान आणि आकार दोन्ही वाढतात. रोहिणीच्या गाभ्यातला हायड्रोजन संपलाय, बाहेरचे थर फुगून थंड झालेत, म्हणून ती पट्टा सोडून वर उजवीकडे गेली.

व्याधाच्या जोडीदाराच्या गणितात मात्र एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलोय. मी नाशिकमध्ये बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो, दर हिवाळ्यात आम्ही अंजनेरीच्या बाजूला आकाश बघायला जातो, आणि एका वर्षी तिथून आल्यावर हेच गणित फळ्यावर केलं. तापमान २५,००० केल्विन, सूर्याच्या सव्वाचारपटीहून थोडं जास्त, चौथा घात साधारण ३५०. प्रकाश मी घेतला डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतीवरून, म्हणजे आकाशात तो किती तेजस्वी दिसतो त्यावरून, अंतर (८.६ प्रकाशवर्षं) धरून तो सूर्याच्या सुमारे चारशेवा हिस्सा येतो. म्हणजे पृष्ठभाग सूर्याच्या १,४०,००० वा हिस्सा आणि त्रिज्या १,८०० किलोमीटरच्या थोडी वर. जवळपास आपल्या चंद्राएवढी! एका मुलीने विचारलं की सर पुस्तकात तर पृथ्वीएवढा लिहिलाय, आणि ती बरोबर होती.

झालं असं की एवढ्या गरम ताऱ्याचा बहुतेक प्रकाश अतिनील असतो, डोळ्यांना दिसणारा भाग अगदी थोडा. सूत्रात एकूण प्रकाश लागतो, तो सूर्याच्या साधारण चाळीसावा हिस्सा आहे. तो घाला, पृष्ठभाग १४,००० वा हिस्सा येतो, त्रिज्या सुमारे ५,९०० किलोमीटर, पृथ्वीपेक्षा किंचित लहान. आणि एवढ्याशा गोळ्यात वस्तुमान सूर्याएवढं. हायड्रोजन जाळणं कधीच थांबलंय, उरलेली उष्णता हळूहळू बाहेर पडतेय, म्हणून श्वेत बटू आकृतीत डावीकडे खाली बसतात आणि थंड होत होत उजवीकडे खाली सरकतात.

त्यामुळे कुठलीही एचआर आकृती हातात आली की आधी उभा अक्ष वाचा. एकूण प्रकाश आहे की फक्त दिसणारा? दिसणारा असेल तर मधल्या सूर्यासारख्या ताऱ्यांना फारसा फरक पडत नाही, पण खूप गरम आणि खूप थंड अशा दोन्ही टोकांचे तारे खऱ्या जागेपेक्षा खाली दिसतात, आणि त्यावरून काढलेली त्रिज्या माझ्यासारखीच चुकते.