कच्च्या विद्यार्थ्याला एलओआर म्हणजे शिफारसपत्र द्यायचं, तर खरं किती लिहायचं?

"मॅडम, मी खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवतो. गेल्या वर्षी पास झालेला एक मुलगा अमेरिकेत एमएससाठी एलओआर मागतोय. सीजीपीए 6.2, बऱ्याच केट्या, माझ्याच हीट ट्रान्स्फरमध्ये एकदा नापास. मसुदा त्यानंच लिहून आणलाय आणि त्यात तो 'वर्गातला अत्यंत बुद्धिमान विद्यार्थी' आहे. सही केली तर खोटेपणा, नाही केली तर पोराचं नुकसान. वडील येऊन हात जोडून गेले. काय करू?"

सर भेटायला आले तेव्हा मुलाचा मसुदा आणि रिझल्टची प्रत अशी दोन्ही कागदपत्रं घेऊन आले होते. मी दोन्ही बाजूला ठेवायला सांगितली. कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे तुम्ही स्वतः पाहिलेलं लिहा, उजवीकडे ऐकलेलं किंवा कागदावर वाचलेलं. सही करायची की नाही, ते मागाहून ठरवू.

उजवी बाजू भराभर भरली. केटी, सीजीपीए, 'अभ्यासात लक्ष नाही असं बाकीचे सर म्हणतात', 'आईचं डायलिसिस चालू होतं म्हणे'. डावीकडे बराच वेळ एकच ओळ होती: माझ्या विषयात नापास, पुढच्या वेळी पास. मग सर म्हणाले, "प्रोजेक्ट मात्र माझ्याकडेच होता." त्यानंतर जे निघालं त्यातून सगळं पत्र उभं राहिलं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

चार मुलांचा गट होता. बेदाण्यासाठी छोटा सोलर ड्रायर केला होता. द्राक्षात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते पंधरा-सोळा टक्क्यांवर आणायचं. ट्रेमधलं तापमान सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला नोंदवायचं, हे काम या मुलाकडे होतं. वरच्या ट्रेचा थर्मोकपल बाकीच्यांपेक्षा सतत सात-आठ अंश कमी दाखवत होता. गटातली मुलं म्हणाली, शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी टाक, ग्राफ गुळगुळीत येईल. यानं थर्मोकपल काढला, बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात धरून तपासला. जोड सैल निघाला. मग त्यानं आधीच्या दिवसांची रीडिंग्ज काट मारून बाद केली आणि ती पुन्हा घेतली. काट मारलेली पानं तशीच ठेवलेली वही सरांनी स्वतः पाहिली होती.

सगळं गोडच होतं असं नाही. ड्रायरच्या कार्यक्षमतेचं गणित गटातल्या दुसऱ्या मुलीनं केलं होतं. याचं रिपोर्टमधलं प्रकरण सरांना दोनदा परत पाठवावं लागलं. व्हायव्हात एक्स्टर्नलनी समीकरण विचारलं तेव्हा तो अडखळला. ट्रेमधलं अंतर वाढवल्यावर काय झालं, हे विचारल्यावर मात्र न थांबता बोलला.

'मुलगा कच्चा आहे' हे सरांचं मत जवळजवळ पूर्ण मार्कशीटवरून आलेलं होतं. पण मार्कशीट तर अर्जासोबत जाणारच आहे. निवड समिती ती वाचेल, केट्या मोजेल. तेवढंच सांगायला त्यांना सरांची गरज नाही. बर्फाच्या पाण्यात धरलेला थर्मोकपल मात्र कुठल्याही ट्रान्स्क्रिप्टवर दिसत नाही. ते सांगणारा माणूस एकच आहे, आणि शिफारसपत्र मागतात ते यासाठीच.

आईच्या आजाराचं सरांना लिहायचं होतं, हेतू चांगला होता. मी थांबवलं. ती गोष्ट त्या घरातली आहे, आणि सरांनी ती फक्त ऐकलेली. मुलाला सांगायची असेल तर तो स्वतःच्या स्टेटमेंटमध्ये लिहील. सरांच्या पत्रात यावी असं त्याला वाटत असेल, तर त्यानं तसं स्पष्ट सांगायला हवं. त्याला विचारल्यावर तो म्हणाला, "नको सर, मीच लिहितो."

पत्राच्या आधी मुलाशी बोलणं गरजेचं होतं. सर नेमके तेच टाळत होते. आम्ही ते संभाषण बोलून पाहिलं. पहिल्या खेपेला सर रागावले, "चार वर्षं काय केलंस?" दुसऱ्या खेपेला इतके मऊ झाले की मुलाला वाटलं असतं, मसुद्यावर सही होणार. शेवटी जमलं ते असं:

"अरे, तुझा मसुदा मी वापरणार नाही, पत्र मीच लिहीन. ड्रायरच्या कामाबद्दल मनापासून लिहू शकतो. थिअरीत तू वरच्या फळीत होतास असं लिहू शकत नाही, आणि फॉर्ममध्ये विचारलं तर खरी खूण करीन. हे चालत असेल तर लिंक पाठव. तुझं काम माझ्यापेक्षा जवळून पाहिलेलं कोणी असेल तर त्यांना विचार, मला वाईट वाटणार नाही. आठवडाभरात सांग."

हे समोरासमोर सांगायला आणखी एक कारण आहे. अमेरिकेत 1974 चा एक कायदा आहे, त्यानुसार प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपली फाइल पाहता येते. पण अर्ज भरताना बहुतेक मुलं पत्र पाहण्याचा हक्क सोडल्याची खूण करतात, कारण गोपनीय पत्राला वजन जास्त. म्हणजे आपल्याबद्दल काय गेलं हे मुलाला बहुधा कधीच कळत नाही. त्याच्या माघारी लिहायचं ते त्याला ढोबळमानानं आधी माहीत असावं, एवढं तरी आपल्या हातात असतं.

मुलगा दोन दिवस आला नाही. सरांना वाटलं, दुखावला. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, तुमचंच पत्र हवंय. शिवाय ज्या वर्कशॉपमध्ये तो आता नोकरी करतो, तिथल्या साहेबांना त्यानं दुसऱ्या पत्रासाठी विचारलं होतं. सरांनी मसुद्याऐवजी एक पान माहिती मागून घेतली: प्रोजेक्टच्या तारखा, त्याचा स्वतःचा वाटा, कुठल्या कोर्सला अर्ज आहे. आपल्याकडे मुलानं लिहायचं आणि सरांनी लेटरहेडवर सही करायची, ही पद्धत इतकी मुरलीय की कोणाला त्यात वावगं वाटत नाही. पण एकाच हातानं लिहिलेली तीन पत्रं एका फाइलमध्ये शेजारी शेजारी वाचली जातात, तेव्हा ती ओळखू येतात. मग मार त्या मुलालाच बसतो.

सरांचा पहिला प्रयत्न सावध होता. 'नियमित, नम्र, वागणूक उत्तम.' वाईट एक अक्षर नाही, म्हणून सरांना ते दयाळू वाटलं. माझ्या मते सगळ्यात निष्ठुर पत्र हेच. सवयीचा वाचक त्याचा अर्थ 'सांगण्यासारखं काही नाही' असा लावतो, आणि ते खरं नव्हतं. पत्र इंग्रजीत गेलं, गाभ्याचा आशय असा होता:

'मी या विद्यार्थ्याला एक विषय शिकवला आणि वर्षभर त्याच्या प्रकल्पाला मार्गदर्शन केलं. लेखी परीक्षेत तो वर्गाच्या सरासरीखाली राहिला. माझा विषय तो दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाला. गणिती मांडणीचा भर असलेल्या विषयांत पहिल्या सत्रात त्याला मेहनत घ्यावी लागेल. प्रयोगातली त्याची शिस्त मात्र मी त्या वर्गात फार थोड्यांत पाहिली.' आणि मग थर्मोकपलचा प्रसंग, सहा-सात ओळींत, एकही विशेषण न लावता.

मार्कशीट सांगतेच तर नापास झाल्याचं वाक्य कशाला, असं सरांनी विचारलं. बरोबर प्रश्न आहे. दुसऱ्या विषयाचे प्राध्यापक असते तर मीही गाळा म्हटलं असतं. पण ज्यांच्या विषयात मुलगा अडकला तेच सर त्यावर गप्प राहिले, तर वाचणाऱ्याला पुढच्या कौतुकाचाही संशय येतो. म्हणून ते सांगायचं, पण एकदाच आणि शेरा न मारता. 'आळशी', 'गांभीर्य नाही' हे शब्द उजव्या बाजूचे होते, ते आले नाहीत.

पोर्टलवरच्या चौकटीत सर पुन्हा अडकले. तिथे बौद्धिक क्षमता, लेखन, चिकाटी, नेतृत्व अशा गुणांपुढे टॉप 5 टक्के, 10 टक्के, 25 टक्के, 50 टक्के, सरासरीखाली असे रकाने असतात. "सगळीकडे टॉप 10 टाकतो, कोण बघतंय," सर म्हणाले. मी म्हटलं, खाली तुमचंच पत्र 'सरासरीखाली' म्हणतंय. त्या विसंगतीनं थर्मोकपलचा प्रसंगही खोटा वाटेल. मग त्यांनी वर्गातली साठ-सत्तर मुलं डोळ्यांसमोर आणली आणि एकेक खूण केली. चिकाटीला टॉप 10, प्रयोगकौशल्याला टॉप 10, विश्लेषणाला टॉप 50, लेखनाला सरासरीखाली. नेतृत्वापुढे 'मत देण्याइतकी माहिती नाही', हा रकाना बहुतेक फॉर्मवर असतो आणि तो फार कमी जण वापरतात. शेवटी 'ठामपणे शिफारस' आणि 'शिफारस' यांतलं दुसरं निवडलं.

वडिलांचा पुन्हा फोन आला. सर म्हणाले, "माझं त्याच्याशी बोलणं झालंय, तो सांगेल तुम्हाला." मुलगा सज्ञान आहे. पत्रात काय आहे हे वडिलांना सांगण्याचं बंधन सरांवर नाही.

नाही म्हणायचं कधी, हेही विचारतात. डावी बाजू कोरी राहिली, म्हणजे मुलाचा फक्त रोल नंबर आठवतोय, तर नाही म्हणावं. खोटी रीडिंग्ज किंवा कॉपी स्वतः पकडली असेल आणि तेच सांगावं लागणार असेल, तरीही नाही म्हणावं. पण मागितलं त्याच आठवड्यात. हो म्हणून बसायचं, पोर्टलचे रिमाइंडर येऊ द्यायचे आणि डेडलाइन उलटू द्यायची, हे बऱ्याच ठिकाणी चालतं. त्यात अर्ज अपुरा राहतो आणि दुसऱ्या कोणाला विचारायची वेळही निघून जाते.

सरांनी पत्र मुदतीच्या दहा दिवस आधी, कॉलेजच्या ईमेलवरून अपलोड केलं, कारण जीमेलवरून आलेली शिफारस काही विद्यापीठं धरत नाहीत. त्याच आठवड्यात आणखी एका मुलीनं एलओआर मागितलं. सरांनी रेघ मारून पाहिली. डावीकडे काहीच आलं नाही. त्यांनी तिला तिथल्या तिथे तसं सांगितलं आणि तिच्या प्रोजेक्ट गाइडचं नाव सुचवलं.