बदकाचे पिल्लू तुमच्या मागे का लागते
भाऊ, चाळीसगावच्या तुमच्या मळ्यात इन्क्युबेटरमधून निघालेले पिल्लू तुमच्यामागे धावते, कारण आई कशी दिसते हे त्याला जन्मतः पुरते ठाऊक नसते आणि सुरुवातीच्या तासांत जे हलताना दिसते त्यालाच ते आई मानते. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक एकहार्ड हेस यांच्या प्रयोगांत ही ओढ जन्मानंतर १३ ते १६ तासांनी सर्वाधिक आढळली. म्हणजे पिल्लू संध्याकाळी ६ वाजता अंड्यातून बाहेर आले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ते १० ही वेळ विशेष जपावी. नवखे लोक नेमके तेव्हाच त्याला कौतुकाने अंगणभर मागे फिरवतात. त्याऐवजी त्याला भावंडांसोबत ठेवावे आणि दाणापाणी शक्यतो आडोशाने द्यावे. साधारण एका दिवसानंतर पिल्लू अनोळखी गोष्टींना भिऊ लागते, त्यामुळे ही चूक मागाहून सुधारणे अवघड जाते.