वीस दिवसांच्या बाळाची मालिश: तेल कोणते आणि हात कसा

"मुलगी २० दिवसांची आहे, आम्ही घणसोलीला राहतो. मालिश करायला येणाऱ्या मावशी मोहरीचे तेल जोरात चोळतात आणि नाकाकानातही थेंब सोडतात. कोणते तेल सुरक्षित आहे आणि मालिश हळुवार कशी करायची?"

नाकात तेलाचे थेंब सोडणे आजपासूनच बंद करा, तेल कोणतेही असो. ठाण्यात नवजात शिशू विभागात परिचारिका म्हणून मी २२ वर्षे काम केले आहे आणि या एका सवयीची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. पाणी श्वासनलिकेत गेले तर बाळाला ठसका लागतो. तेल मात्र गुळगुळीत असल्यामुळे खोकल्याची उबळ न येताच ते खाली उतरते आणि फुफ्फुसात साचून राहते. त्यातून होणारा न्यूमोनिया जंतूंमुळे झालेला नसल्याने नेहमीच्या प्रतिजैविकांनी तो हटत नाही. आतापर्यंत थेंब सोडलेच असतील, तर बाळ शांत झोपलेले असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ते ६० किंवा त्याहून अधिक भरले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा दूध ओढताना बाळ थकून सोडून देत असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि नाकात तेल घातल्याचे आठवणीने सांगा, कारण विचारल्याशिवाय ही गोष्ट कोणी सांगत नाही. कानातही तेल नको. मळ आपोआप बाहेर येतो आणि आपल्या दमट हवेत तेलकट कानात बुरशी धरते.

आता तेलाविषयी. मोहरीच्या तेलाचा नाकात जाणारा झणका ज्या द्रव्यामुळे येतो, तेच द्रव्य त्वचेचा दाह करते. मोठ्यांच्या जाड कातडीला त्याची ऊब बरी वाटते, पण २० दिवसांच्या बाळाची कातडी फार पातळ असते. माझ्या भाचीच्या ऐरोलीच्या घरी हेच घडले. तिथेही शेजारणीच्या सांगण्यावरून मोहरीचे तेल सुरू झाले होते. चौथ्या दिवशी बाळाच्या छातीवर आणि मानेच्या वळ्यांत लालसर पुरळ दिसू लागले. घरच्यांना त्या घामोळ्या वाटल्या, म्हणून तेल अधिकच चोळले गेले. घामोळ्या प्रामुख्याने घाम साचतो तिथे येतात. या बाळाचे पुरळ मात्र नेमके तेलाचा हात फिरला तिथे, अगदी पोटऱ्यांवरही होते. त्यावरूनच मला कारण कळले. आठवडाभर तेल पूर्ण बंद ठेवले, नुसत्या कोमट पाण्याने अंघोळ घातली आणि सुती झबली घातली. तेवढ्याने त्वचा निवळली. मग खोबरेल तेलाचा एक थेंब बाळाच्या हाताच्या आतल्या बाजूला लावून २४ तास वाट पाहिली आणि काही न उमटल्यावर मालिश पुन्हा सुरू केली. नवे तेल आणताना हीच चाचणी तुम्हीही करा.

माझी पसंती साध्या, वास न घातलेल्या खोबरेल तेलाला आहे. ते कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, त्वचेला सहसा बोचत नाही आणि आपल्याकडे ताजे मिळते. बाटली लहान घ्या आणि खवट वास येऊ लागला की टाकून द्या. तिळाचे तेलही परंपरेतले आहे, परंतु घरात कोणाला तिळाची ॲलर्जी असेल किंवा बाळाला इसब असेल तर ते टाळावे. शेंगदाण्याच्या तेलाच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. ऑलिव्ह तेल महाग असते म्हणून चांगले असेल असा समज आहे. पण त्यात ओलिक आम्ल भरपूर असते आणि ते त्वचेच्या वरच्या थराची वीण सैल करते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मँचेस्टरच्या एका अभ्यासात नवजात बाळांना चार आठवडे ऑलिव्ह किंवा सूर्यफुलाचे तेल लावले होते. त्यांच्या त्वचेत ओलावा वाढला, पण वरच्या थरातील स्निग्ध पदार्थांची बांधणी तेल न लावलेल्या बाळांइतकी सुधारली नाही. म्हणून एखाद्या दिवशी मालिश राहिली तर मन खट्टू करू नका.

मालिश दूध पाजल्यानंतर साधारण तासाभराने करावी. लगेच केल्यास बाळ दूध उलटते. पंखा बंद करा, चटईवर जाड दुपटे अंथरा, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवा. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, गॅसवर तापवू नका. लहान चमचाभर तेल संपूर्ण अंगाला पुरते. दाब किती असावा हे समजण्यासाठी स्वतःचा डोळा मिटून पापणीवर बोट ठेवा: जेवढा दाब तिथे सुखाने सोसवतो, तेवढाच बाळासाठी पुरे.

सुरुवात पायांपासून करावी, कारण पोटाला किंवा छातीला एकदम हात लावला की बाळ दचकते. एका हाताने घोटा अलगद धरून दुसरा तळहात मांडीपासून पावलापर्यंत चार-पाच वेळा फिरवा, मग तळव्यावर अंगठा फिरवा. हातांनाही तसेच करा, पण सांधे ओढू नका आणि हातपाय उलटसुलट ताणू नका. डाव्या दंडावर बीसीजीची लस दिलेली असेल. तिथे साधारण या वयापासून पुढे फोड येतो, कधी तो फुटतोही आणि नंतर व्रण राहतो. हे अपेक्षितच असते, त्या जागेला तेल लावू नका. छातीवर मध्यापासून बाहेर आणि पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हात फिरवा, कारण आतड्याचाही ओघ तसाच असतो. बेंबी ओली असेल तर पोट वगळा. पाठीसाठी बाळाला मांडीवर पालथे घेऊन मणक्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात खाली आणा, मणक्यावर दाब नको. टाळू भरायची असेल तर तेलाचे दोन थेंब बोटाने नुसते टेकवा. नाक वर यावे किंवा डोके गोल व्हावे म्हणून दाबून काहीही साधत नाही.

एवढ्याला दहा मिनिटे पुरतात. बाळ कमानीसारखे ताठ होऊ लागले, तोंड फिरवू लागले किंवा मुठी आवळून रडू लागले, तर तिथेच थांबा. मालिशीत बाळ रडले की अंग मोकळे होते असे मावशी सांगतील, परंतु ते रडणे नको असल्याचे असते. आणखी एक गोष्ट त्यांना स्पष्ट सांगा: बाळाची स्तनाग्रे पिळायची नाहीत. आईच्या संप्रेरकांमुळे मुलगा असो वा मुलगी, तिथे थोडी सूज येते, क्वचित दुधाचा थेंबही दिसतो आणि काही आठवड्यांत सारे आपोआप ओसरते. "दूध काढल्यामुळे" गळू झालेली आणि पू काढावा लागलेली बाळे मी पाहिली आहेत.

मावशींशी बोलताना मोहरीच्या तेलावर वाद घालण्याऐवजी खोबरेलाची वाटी स्वतः कोमट करून त्यांच्या हाती द्या आणि पहिले काही दिवस समोर बसून राहा. अंघोळीला नेताना तेलकट बाळ हातातून निसटते, म्हणून आधी अंग मऊ पंचाने टिपून घ्या.