होस्ट फॅमिलीला इटालियनमध्ये थँक्यू लेटर कसं लिहायचं?

प्रश्न: एक्सचेंजवर मोदेनाला एका फॅमिलीकडे दहा महिने राहून नुकतीच पुण्याला परत आले. त्यांना इटालियनमध्ये हाताने पत्र लिहायचंय. बोलता बऱ्यापैकी येतं पण लिहायला बसलं की नुसतं ग्रात्सिए ग्रात्सिए होतंय. काय लिहू आणि कसं?

उत्तर: मी इटालियन शिकवते आणि परत आलेल्या मुलामुलींची अशी पत्रं दरवर्षी माझ्याकडे तपासायला येतात, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहिते. इटालियन वाक्यं मुद्दाम देवनागरीत देतेय, आधी मोठ्याने म्हणून बघ आणि मग स्पेलिंग घालून लिही, तुला ते येतंच.

पहिलं म्हणजे आभाराचं वाक्य पत्रात एकदाच येऊ दे, पण पूर्ण. ग्रात्सिए पेर तुत्तो चुकीचं नाहीये, फक्त त्यात तुझं असं काहीच नाही, ते कुणीही कुणालाही लिहू शकतं. त्याऐवजी असं लिही: ग्रात्सिए दी क्वोरे पेर आवेर्मी आक्कोल्ता कोमे ऊना फील्या. म्हणजे मला मुलीसारखं घरात घेतलंत त्याबद्दल मनापासून आभार. इथे पेर नंतर थेट आक्कोल्येरे येत नाही, आवेरे आलं पाहिजे कारण गोष्ट घडून गेलेली आहे, आणि मी त्याला मागून चिकटतं, आवेर्मी. तू मुलगी आहेस म्हणून आक्कोल्ता, आक्कोल्तो लिहिलंस तरी चालतं, पण सोनो तोर्नाता मध्ये मात्र शेवटी ता च हवं, तिथे सूट नाही.

आता खरा मुद्दा, भूतकाळ. दहा महिन्यांचं पत्र म्हणजे सगळं भूतकाळातच असणार, आणि इटालियनमध्ये रोजच्या वापरातले दोन आहेत, इम्पेरफेत्तो आणि पास्सातो प्रोस्सिमो. इंग्रजीतून विचार केलास की इथे हमखास गडबड होते, कारण तिकडे दोन्हीसाठी बरेचदा एकच रूप येतं. मराठीतून विचार कर, आपल्याकडे हा फरक आधीच आहे. आजी दर रविवारी करायच्या, मी मदत करायचे, हे सगळं "करायचे"वालं इम्पेरफेत्तोत जातं. आणि तुम्ही आणून दिलंत, मी रडले, आपण गेलो, असं एकदा होऊन संपलेलं पास्सातो प्रोस्सिमोत. वाक्य आधी मनात मराठीत म्हण आणि क्रियापदाचा शेवट ऐक, बहुतेक वेळा तोच सांगतो कुठला काळ घ्यायचा ते.

उदाहरणार्थ मोदेना म्हटलं की तोर्तेल्लीनी आलेच, तर समज तू लिहितेस: ला दोमेनिका ला नोन्ना फाचेवा ई तोर्तेल्लीनी ए ईओ ला आयुतावो आ क्यूदेर्ली. रविवारी आजी तोर्तेल्लीनी करायच्या आणि मी ते बंद करायला मदत करायचे. दोन्ही क्रियापदं इम्पेरफेत्तो. दोमेनिकाच्या आधीचा ला विसरू नकोस हं, त्याच्यामुळेच "दर रविवारी" असा अर्थ येतो, नुसतं दोमेनिका म्हटलं की कुठला तरी एक रविवार.

मग एक प्रसंग घे: क्वान्दो आवेवो ला फेब्ब्रे, मी आवेते पोर्तातो इल ब्रोदो आ लेत्तो. मला ताप होता तेव्हा तुम्ही अंथरुणात सूप आणून दिलंत. बघ, ताप "होता" ही चालू असलेली स्थिती म्हणून आवेवो, आणि "आणून दिलंत" ही एकदाची गोष्ट म्हणून आवेते पोर्तातो. एकाच वाक्यात दोन्ही काळ आले आणि मराठीतही तसेच आले.

एक ठिकाण आहे जिथे चांगली मुलंही चुकतात. दहा महिने तुमच्याकडे राहिले हे लिहिताना, एवढा मोठा काळ आहे म्हणजे इम्पेरफेत्तोच असणार असं वाटतं आणि वीवेवो लिहिलं जातं. पण काळ किती मोठा हे बघायचं नसतं, त्याला शेवट आहे का ते बघायचं. दहा महिने मोजून झाले, मुक्काम संपला, म्हणून ओ विस्सूतो कोन वोई पेर दिएची मेझी. मराठीत तरी आपण "दहा महिने राहायचे" कुठे म्हणतो, "राहिले"च म्हणतो ना.

असं एक सवयीचं आणि एक प्रसंगाचं वाक्य पुरे, मोठी यादी करू नकोस. त्यांना हे कळायला हवं की तू त्यांच्या घरात नक्की काय पाहिलंस, आणि ते एका सुपाच्या वाटीतून जेवढं पोचतं तेवढं दहा विशेषणांतून पोचत नाही.

संबोधन सगळ्यांना मिळून कारिस्सिमी कर. त्यानंतर स्वल्पविराम द्यायचा आणि पुढची ओळ लहान अक्षराने सुरू करायची, तिकडची पद्धत तशी आहे. पूर्ण पत्र वोई मध्ये जाऊ दे. त्यांच्याशी बोलताना तू एकेकाला तू म्हणत असशील, मग पत्रात लेई वगैरे आणू नकोस, एकदम परक्यासारखं वाटेल. कुणाला वेगळं काही सांगायचं असेल तर शेवटी एक ओळ त्यांच्यासाठी, तिथे तू.

शेवटाकडे मी मांकाते तान्तो लिही, म्हणजे तुमची खूप आठवण येते. इथे क्रियापद "तुम्ही"च्या मागे जातं आणि आपण नुसते मला म्हणून येतो, त्यामुळे वी मांको लिहिलंस तर अर्थ उलटा होईल, तुम्हाला माझी आठवण येते असा. प्रसंगानंतर नोन लो दिमेन्तिकेरो माई म्हणता येईल, ते कधीच विसरणार नाही, आपल्या "कधीच" आणि "नाही"सारखे तिथेही नोन आणि माई दोन्ही लागतात. आणि पुन्हा भेटायची उत्सुकता लिहायची असेल तर इंग्रजी एक्सायटेडवरून एच्चिताता करू नकोस, त्याला लैंगिक अर्थ आहे, एमोत्सिओनाता लिही.

सगळं जोडून साधारण असं होईल:

कारिस्सिमी,
सोनो आ पुणे दा ऊना सेत्तिमाना ए मी मांकाते तान्तो. ग्रात्सिए दी क्वोरे पेर आवेर्मी आक्कोल्ता कोमे ऊना फील्या. ला दोमेनिका ला नोन्ना फाचेवा ई तोर्तेल्लीनी ए ईओ ला आयुतावो आ क्यूदेर्ली. क्वान्दो आवेवो ला फेब्ब्रे, मी आवेते पोर्तातो इल ब्रोदो आ लेत्तो. नोन लो दिमेन्तिकेरो माई. क्वान्दो वेनीते इन इंडिया, कासा मिया ए कासा वोस्त्रा.
उन फोर्ते आब्ब्राच्चो,
(तुझं नाव)
उन बाचो आल्ला नोन्ना!

तोर्तेल्लीनी आणि तापाच्या जागी तुझं स्वतःचं घाल अर्थातच. शेवटी कोर्दियाली सालूती नको, ते ऑफिसच्या मेलमध्ये शोभतं. कासा मिया नंतरचा ए म्हणजे "आहे", त्याच्यावर डावीकडून उजवीकडे उतरणारी छोटी रेघ हवीच, नाहीतर ते "आणि" होतं, आणि दिमेन्तिकेरोच्या शेवटच्या ओ वरही तीच रेघ.

वर उजवीकडे गाव, स्वल्पविराम आणि तारीख लिही, महिन्याचं नाव लहान अक्षराने. पाकिटावर आधी रस्त्याचं नाव मग घर नंबर, खालच्या ओळीत पाच आकडी पिनकोड, त्याच्यापुढे गाव आणि प्रांताची दोन अक्षरं, मोदेनासाठी एम ओ, आणि सगळ्यात खाली देश. देशाचं नाव इंग्रजीत लिहिलंस तर आपल्या पोस्टातही लगेच कळेल.