ब्रोकोली, झुकिनी, बीट: कोणती फोडणी, कोणता मसाला?

प्रश्न: ब्रोकोली, झुकिनी, बीट या भाज्या कधी केल्या नाहीत. घरातले कोणते मसाले कशाला चालतील?

उत्तर: नव्या भाजीची ओळखीतली बहीण शोधा आणि तिचीच फोडणी द्या. झुकिनी दोडक्या-दुधीच्या कुळातली, ब्रोकोली फ्लॉवरच्या. बिटाला गाजरासारखं वागवा.

झुकिनीच पहिल्यांदा फसते, कारण ती पाणी फार सोडते. मी पहिल्यांदा मीठ आधी घालून झाकण ठेवलं, तर भाजीची पातळ आमटी झाली! आता दोन मध्यम झुकिनींच्या जाड फोडी करते, सालासकट. तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद आणि 4-5 ठेचलेल्या लसूणपाकळ्या घालून मोठ्या आचेवर उघडंच 5-6 मिनिटं परतते. फोडी कडेने पारदर्शक दिसल्या की तिखट, मीठ आणि दोन चमचे दाण्याचं कूट. कूट सुटलेलं पाणी ओढून घेतं आणि भाजीला अंगही येतं. गोडा मसाला घालायचाच तर अर्धा चमचा पुरे, कारण झुकिनीची स्वतःची चव अगदी फिकी असते.

ब्रोकोलीला लसूण, जिरं, हिरवी मिरची एवढंच. हिरवा रंग मळकट झाला आणि उग्र वास सुटला की समजा, जास्त शिजली.

बीट गोड आणि मातकट, म्हणून त्याला आंबट हवंच. किसून, वाफवून, गार झाल्यावर दही घाला आणि वर मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी. गरम मसाला मात्र मला बिटात अजिबात आवडत नाही.